कोल्हा आणि हंस: भिंत भक्कम राहते ती कशामुळे?

एका बाजूला एकटा कोल्हा, दुसऱ्या बाजूला हंसांचा कळप. कोल्ह्याने हंसांवरून उड्या मारून ते खायचे आणि हंसांनी त्याला अशा जागी कोंडायचं, की त्याला हलताच येऊ नये. युरोपातला हा पटावरचा खेळ निदान मध्ययुगापासून चालत आला आहे. इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड (कारकीर्द १४६१ ते १४८३) याच्या खर्चाच्या नोंदींत सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीचे कोल्हे आणि शिकारी कुत्रे विकत घेतल्याचा उल्लेख सापडतो. त्या संचात कोल्ह्यासमोर हंसांऐवजी कुत्रे होते, एवढाच फरक.

हंसांच्या बाजूने खेळायला बसलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी एक सल्ला मिळतो: ‘ओळ तोडू नका, हंस एकमेकांना चिकटून ठेवा.’ सल्ला बरोबर आहे, पण अर्धा. एका रांगेत खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले सात हंससुद्धा कोल्हा खुशाल खाऊ शकतो. तो कसा खातो आणि मग ओळ ‘भक्कम’ म्हणजे नेमकी कशी असते, ते या लेखात नीट उलगडून बघू.

आधी पट. अधिकाच्या चिन्हाच्या आकारात ३३ घरं असतात. वरच्या दोन ओळींत तीन-तीन, मधल्या तीन ओळींत सात-सात आणि खालच्या दोन ओळींत पुन्हा तीन-तीन. खाली ● म्हणजे हंस, ◆ म्हणजे कोल्हा आणि ○ म्हणजे रिकामं घर.

```
    ● ● ●
    ● ● ●
● ● ● ● ● ● ●
● ○ ○ ◆ ○ ○ ●
○ ○ ○ ○ ○ ○ ○
    ○ ○ ○
    ○ ○ ○
```

घरं ओळखायची सोय अशी करू: ओळी वरून खाली १ ते ७, आणि प्रत्येक ओळीतली घरं डावीकडून उजवीकडे १ ते ७. आधी ओळ, मग घर. म्हणजे कोल्हा आत्ता ४-४ वर आहे. अरुंद भागांत फक्त ३, ४ आणि ५ क्रमांकांची घरं आहेत, तिथे १, २, ६, ७ नाहीतच. ही शेवटची गोष्ट लक्षात असू द्या, कारण हंसांचा अर्धा जीव तिच्यावर वाचतो.

नियम घरोघरी बदलतात. हंस कुठे १३, कुठे १५, कुठे १७. कुठे हंसांना मागे जाता येतं, कुठे येत नाही. मी इथे १५ हंस धरले आहेत. सगळ्या चाली सरळ रेषेत, तिरप्या नाहीत. हंस एका वेळी एक घर पुढे म्हणजे खाली, किंवा बाजूला सरकतो. मागे कधीच जात नाही. कोल्हा चारही दिशांना एक घर चालतो. शेजारच्या घरात हंस असेल आणि त्याच रेषेत हंसापलीकडचं घर रिकामं असेल, तर कोल्हा त्याच्यावरून उडी मारतो आणि तो हंस पटावरून जातो. उडी मारून जिथे पडला तिथून पुन्हा उडी मारता येत असेल, तर तीही त्याच चालीत. दोघांनाही आपापल्या पाळीला चाल करावीच लागते. कोल्ह्याला हलायला जागा उरली नाही की हंस जिंकले. त्याला कोंडण्याइतके हंसच उरले नाहीत, की कोल्हा जिंकला.

आता त्या रांगेकडे वळू. समजा, सात हंस चौथ्या ओळीत एका रेषेत उभे आहेत, ४-१ पासून ४-७ पर्यंत, एकही फट नाही. त्यांच्या मागे तिसरी ओळ रिकामी. कोल्हा ५-४ वर येतो. समोर ४-४ वर हंस, त्याच्या मागे ३-४ रिकामं. कोल्ह्याने उडी मारली, हंस गेला आणि कोल्हा भिंतीच्या पलीकडे पोचला. फट नव्हती तरी भिंत फुटली. हंसांना शेजारच्यांचा आधार आडव्या उडीपासून वाचवतो. उभ्या उडीपासून वाचवतो तो मागचा.

म्हणून कोल्ह्याशेजारी उभ्या असलेल्या प्रत्येक हंसाबद्दल एकच प्रश्न विचारायचा: कोल्ह्यापासून बघितलं तर याच्या पाठीमागे काय आहे? दुसरा हंस असेल तर तो वाचला. पटाची कड असेल, म्हणजे पलीकडे घरच नसेल, तरी वाचला. रिकामं घर असेल तर गेला. संपूर्ण खेळ या एका प्रश्नावर उभा आहे, आणि तो प्रश्न कोल्हा आत्ता जिथे आहे त्या जागेपुरता विचारून भागत नाही. पुढच्या चालीला तो ज्या-ज्या घरात जाऊ शकतो, त्या प्रत्येक घरातून विचारावा लागतो.

मग सरळ रांगेचा फायदा काय? इथे खेळाची खरी मेख आहे. रांग सरळ असेल तर कोल्हा तिच्यासमोर कुठेही उभा राहिला तरी त्याला एकच हंस भिडतो. ५-४ वर असेल तर फक्त ४-४ वरचा, ५-५ वर गेला तर फक्त ४-५ वरचा. म्हणजे एका वेळी धोका एकच. हंसांना चालही एकच मिळते, आणि एका चालीत एक धोका मिटवता येतो. हिशेब जुळतो.

आता रांग वाकडी करून बघा. समजा, ४-३ वरचा हंस उत्साहाने एक घर पुढे जाऊन ५-३ वर उभा राहिला. त्याच्या डावीकडे ५-२ रिकामं आहे, आणि ४-४ वरच्या हंसामागे ३-४ रिकामं आहे. कोल्हा ५-४ वर येतो. आता त्याच्याकडे दोन उड्या आहेत: डावीकडे ५-३ वरून ५-२ ला, किंवा वर ४-४ वरून ३-४ ला. हंसांनी एक भोक बुजवलं तर कोल्हा दुसऱ्यातून जाणार. तुम्ही काहीही करा, एक हंस गेलाच. पुढे डोकावणारा हंस एकटा स्वतःच धोक्यात येतो असं नाही; तो कोल्ह्याला दुहेरी धमकी द्यायला जागा करून देतो. ओळ सरळ ठेवा, या सल्ल्याचं खरं कारण हे आहे. सरळ ओळीवर हल्ला होतोच, पण तो एकेकच होतो.

त्या एकेक हल्ल्याला उत्तर देणारा हंस मात्र मागे हवा. समजा, चौथी ओळ पूर्ण भरलेली आहे आणि तिसऱ्या ओळीत ३-४ वर एक राखीव हंस आहे. कोल्हा ५-४ वर आहे, त्यामुळे ४-४ सुरक्षित. कोल्हा उजवीकडे ५-५ वर सरकतो आणि ४-५ वरच्या हंसाला धमकी देतो. राखीव हंस ३-५ वर सरकतो आणि धोका संपला. कोल्हा ५-६ वर, राखीव ३-६ वर. भिंतीच्या दोन बाजूंनी दोघं समांतर चालत राहतात. एका राखीवानेही हे जमतं, पण मग तुमची प्रत्येक चाल त्या धावपळीतच जाते आणि हंस पुढे सरकतच नाहीत. शिवाय राखीव एका टोकाला आणि कोल्हा दुसऱ्या टोकाला, असं एकदा झालं की संपलं. म्हणून तीन राखीव ठेवावेत, ३-२, ३-४ आणि ३-६ वर. त्यातला प्रत्येक जण आपल्या डाव्या-उजव्या बाजूचं धरून तीन घरं एका चालीत सांभाळतो आणि सातही घरं झाकली जातात. सात आणि तीन मिळून दहा हंस झाले. उरलेल्या पाचांच्या चाली तुम्हाला डाव पुढे नेण्यासाठी मोकळ्या राहतात.

दहा हा आकडा या पटावर पुन्हा पुन्हा भेटतो. सुरुवातीची मांडणीच बघा. तिसऱ्या ओळीत सात हंस आहेत. त्यांतल्या ३-३, ३-४, ३-५ यांच्या मागे दुसऱ्या ओळीतले तीन आहेत. ३-१, ३-२, ३-६ आणि ३-७ यांच्या मागे घरच नाही, कडच आहे. म्हणजे इथेही दहा हंसांची भिंत पूर्ण होते. ती आपोआप भक्कम असते, कोल्ह्याने काहीही केलं तरी फुटत नाही. पण हंसांना चाल करावीच लागते, त्यामुळे ही भिंत तशीच ठेवून बसता येत नाही. ती मोडायची आणि पुढे पुन्हा उभी करायची, हेच हंसांचं काम. अडचण असते ती मधल्या, रुंद पट्ट्यात, कारण तिथे कडेचा आधार मिळत नाही.

तो पट्टा ओलांडायचा तर पंख, म्हणजे दोन्ही कडांचे हंस, आधी पुढे न्यावेत आणि पोट, म्हणजे मधले हंस, मागून. कारण पाचव्या ओळीची टोकं बघा. ५-१ हा कोपरा आहे. त्याच्या डावीकडे घर नाही, खाली घर नाही. त्यामुळे त्याच्यावरून आडवी उडी जात नाही, उभीही जात नाही. कोपऱ्यातला हंस कधीच मरत नाही. असे आठ कोपरे पटावर आहेत. ५-१ वर हंस बसला की त्याच्या शेजारी ५-२ वर येणाराही अभेद्य होतो: आडव्या उडीला ५-१ वाला अडवतो आणि उभ्या उडीसाठी खाली ६-२ हे घर अस्तित्वातच नाही. उजवीकडे ५-७ आणि ५-६ चं तसंच. म्हणून कोल्हा उजवीकडे रमलेला असेल तेव्हा डाव्या पंखाचे हंस कडेने खाली उतरवावेत, तो डावीकडे आला की उजव्या पंखाचे. ४-१ आणि ४-७ वर आधीच बसवलेले दोन जादा हंस इथे कामी येतात. त्यांनी एक पाऊल टाकलं की ते थेट कोपऱ्यात, आणि मागचे त्यांच्या आधाराने येतात.

पंख खाली पोचले, मधल्या तीन स्तंभांत हंस ४-३, ४-४, ४-५ वर आले आणि त्यांच्या मागे ३-३, ३-४, ३-५ वर तिघे उभे राहिले की पुन्हा दहा हंसांची पक्की भिंत तयार झाली. कोल्ह्याकडे उरली नऊ घरं: ५-३, ५-४, ५-५ आणि खालची सहा. तो ५-३ वर येऊन ५-२ ला धडक द्यायला गेला तर मागे ५-१ आहे. वर ४-३ ला गेला तर मागे ३-३ आहे. इथून पुढे हंसांचा डाव सुखाचा आहे.

मधला पट्टा ओलांडताना बहुतेक डाव बिघडतात ते एकाच चुकीने: हंस थेट कोल्ह्याच्या तोंडासमोर पुढे सरकवला जातो. पुढे गेलेला हंस आपली जुनी जागा रिकामी करून जातो, आणि ती जागा बरोब्बर त्याच्या पाठीमागे असते. कोल्हा ५-४ वर असताना ३-४ वरचा हंस ४-४ वर आणला, की ३-४ रिकामं झालं आणि कोल्ह्याला उडी मिळाली. तो हंस आधी कितीही सुरक्षित असो, पाऊल टाकण्याच्या क्षणी तो स्वतःच स्वतःचा आधार काढून घेतो. म्हणून कोल्ह्याच्या स्तंभात, त्याच्या लगेच समोर, कधीही पाऊल टाकू नये. तो शेजारच्या स्तंभात गेला की टाकावं, आणि पुढच्याच चालीत मागच्याने ती रिकामी जागा भरावी.

अशी चूक झाली तर नुकसान एका हंसाचं वाटतं, पण ते खरं मोठं नसतं. मोठं नुकसान हे की कोल्हा पाठीमागे गेला. ३-४ वर पडल्यावर पुढे २-४ वर हंस आणि १-४ रिकामं असेल, तर त्याच चालीत दुसरी उडी मारून तो पार वरच्या टोकाला जाऊन बसतो. हंसांना मागे वळता येत नाही. सगळे हंस त्याच्या खाली राहिले, तर त्याला कोंडणं यापुढे कधीच शक्य नाही, मग पटावर बारा हंस उरलेले असोत की चौदा. हा डाव हरला आहे हे ओळखायची खूण तीच: कोल्ह्याच्या ओळीत किंवा त्याच्या वर तुमचा एकही हंस उरलेला नाही.

कोंडायला किती हंस लागतात, हेही मोजून ठेवण्यासारखं आहे. कोल्हा पटाच्या मध्यावर, ४-४ वर असेल, तर चार बाजूंना चार हंस आणि प्रत्येकाच्या मागे एकेक, असे आठ लागतात. तो अरुंद भागाच्या टोकाला, ७-४ वर असेल, तर शेजारी ७-३, ७-५ आणि ६-४ हे तीन, आणि त्यांतल्या फक्त ६-४ च्या मागे ५-४ वर एक, असे चारच पुरतात. ७-३ आणि ७-५ च्या मागे कड आहे. चारपेक्षा कमी हंसांनी या पटावर कोल्हा कुठेच कोंडला जात नाही. त्यामुळे तीन हंस उरले की डाव तिथेच थांबवावा. आणि कोल्ह्याला मधून हुसकून टोकाला का न्यायचं, तेही या हिशेबातून कळतं.

आता शेवटची कोंडी एका उदाहरणातून पूर्ण खेळून बघू. पट आणि सोंगट्या जवळ असतील तर मांडून बघा. नसतील तर वरच्या चित्रासारखी घरं कागदावर काढून नाणी ठेवा.

समजा, दोन हंस गमावले आहेत आणि १३ उरले आहेत. चार जण पंखांवर, ५-१, ५-२, ५-६, ५-७ वर आहेत. त्यांचं काम झालं आहे, आता ते हलणार नाहीत. मधे ५-३, ५-४, ५-५ वर तिघे, त्यांच्या मागे ४-३, ४-४, ४-५ वर तिघे, आणि त्यांच्याही मागे ३-३, ३-४, ३-५ वर तिघे. कोल्हा ७-४ वर, खालच्या सहा घरांत बंद. चाल हंसांची.

मोह असा होतो, की मधला हंस ५-४ वरून ६-४ वर ढकलावा. तसं केलं की तो हंस हातचा गेला, कारण कोल्हा नेमका त्याच स्तंभात आहे आणि ५-४ रिकामं झालं आहे. म्हणून कडेने शिरायचं. ५-३ वरचा हंस ६-३ वर जातो. त्याच्या डावीकडे कड असल्याने त्याच्यावरून आडवी उडी नाही. कोल्हा ७-३ वर येतो आणि त्याला खालून धमकी देतो, कारण मागे ५-३ रिकामं आहे. हंसांचं उत्तर: ४-३ वरचा ५-३ वर. भोक बुजलं. आता ७-३ वरच्या कोल्ह्याला फक्त ७-४ वर परत जाता येतं, तो जातो.

आता तेच उजवीकडून. ५-५ वरचा ६-५ वर. कोल्हा ७-५ वर येऊन तशीच धमकी देतो, ४-५ वरचा ५-५ वर जाऊन ती मिटवतो, आणि कोल्ह्याला पुन्हा ७-४ वर यावं लागतं. त्याच्याकडे आता चारच घरं उरली: ६-४, ७-३, ७-४, ७-५.

ही जागा नाजूक आहे. हंसांना ६-४ वर हंस आणायचा आहे, पण कोल्हा ७-४ वर, म्हणजे त्याच स्तंभात आहे. आत्ता ५-४ वरचा पुढे टाकला तर मेलाच. म्हणून एक चाल थांबण्यासाठी खेळायची: ३-३ वरचा हंस ४-३ वर. या चालीने पुढे काहीच बदलत नाही, पण पाळी कोल्ह्यावर जाते आणि त्याला हलावंच लागतं. राखीव हंस मागे ठेवायचे ते अशा वेळी, एखादी बिनधोक चाल हाताशी असावी म्हणून. सगळे हंस पुढे नेऊन बसलेला खेळाडू इथे अडकतो, कारण त्याची प्रत्येक चाल भिंतीतली वीट काढते.

समजा, कोल्हा ७-३ वर जातो. आता तो मधल्या स्तंभात नाही. ५-४ वरचा हंस ६-४ वर येतो. कोल्ह्याला वर ६-३ आहे, त्याच्या मागे ५-३ भरलेलं. म्हणून त्याला ७-४ वरच यावं लागतं. तिथून तो ६-४ वर उडी मारायला बघतो, कारण ५-४ रिकामं आहे. हंस लगेच ४-४ वरचा ५-४ वर आणतात. आता सहावी ओळ पूर्ण भरलेली आणि तिच्या मागे पाचवीही. कोल्ह्याकडे खालची तीन घरं.

तो पुन्हा ७-३ वर जातो. आता शेवटचा घाव: उजवीकडचा ६-५ वरचा हंस ७-५ वर. ही चाल बघून नवखा माणूस दचकतो, कारण ६-५ मोकळं झालं. पण ७-३ वरच्या कोल्ह्याला ७-४ शिवाय वाट नाही, आणि ७-४ ला ६-५ हे घर शेजारी लागतच नाही. कोल्हा ७-४ वर येतो. ६-३ वरचा हंस ७-३ वर उतरतो. आता कोल्ह्याच्या डावीकडे ७-३ आणि मागे कड, उजवीकडे ७-५ आणि मागे कड, वर ६-४ आणि मागे ५-४ वर हंस. कुठेच वाट नाही. वर मोजलेले चार हंस ते हेच. कोल्हा शेवटी ७-३ ऐवजी ७-५ वर गेला असता, तर हेच उलट बाजूने: ६-३ वरचा आधी ७-३ वर, मग ६-५ वरचा ७-५ वर.

थांबण्याच्या त्या चालीनंतर कोल्हा शहाणपणाने ६-४ वर आला तर? तिथे त्याला खाता काहीच येत नाही: दोन्ही बाजूंना कडेला टेकलेले हंस, वर ५-४ आणि मागे ४-४. हंस ६-३ वरचा ७-३ वर उतरवतात. कोल्हा मोकळ्या झालेल्या ६-३ वर सरकला, तर ५-४ वरचा हंस ६-४ वर येतो आणि कोल्हा तिथेच कोंडला जातो, कारण वर ५-३ च्या मागे ४-३ आहे, उजवीकडे ६-४ च्या मागे ६-५ आहे आणि खाली ७-३ च्या मागे कड आहे. मघाची ४-३ वरची चाल निरुपयोगी वाटली होती. ती नसती तर कोल्हा ५-३ वरून उडी मारून बाहेर पडला असता. कोल्हा ६-३ ला न जाता ७-४ वर परतला, तर ५-३ वरचा ६-३ वर येऊन जागा भरतो. मग तो पुन्हा ६-४ वर आला की ७-३ वरचा हंस बाजूला ७-४ वर सरकतो आणि खालची वाट बंद करतो.

हा सगळा हिशेब सरळ रेषांच्या पटाचा आहे. पुष्कळ पटांवर एक सोडून एक घरात तिरप्या रेषाही काढलेल्या असतात आणि कोल्हा त्यांवरूनही उडी मारतो. तिथे ‘सरळ ओळीला एका वेळी एकच धोका’ हा नियम कोसळतो. हंस चौथ्या ओळीत आणि कोल्हा ५-३ वर असेल, तर त्याला ४-३ सोबत तिरपे ४-२ आणि ४-४ हेही भिडतात, आणि त्यांच्या मागची घरं ३-१, ३-३ आणि ३-५ अशी तीन होतात. तिन्ही भरलेली हवीत. ५-४ वर मात्र तिरप्या रेषा येत नाहीत, तिथून धोका एकच. त्यामुळे अशा पटावर कोल्हा तिरप्या रेषांच्या घरांवर उभा राहायला बघतो आणि हंसांना मागची ओळ जवळजवळ पूर्ण भरून चालावं लागतं. १७ हंस घेऊन खेळतात तेव्हा हंसांना हा जादा आधार मिळतो.

आपल्याकडची वाघ-बकरी याच घराण्यातली. महाराष्ट्रात किल्ल्यांवर आणि देवळांच्या आवारात दगडांत कोरलेले पट सापडतात, त्यांत तिचेही आहेत. वाघाने उडी मारून बकरी खायची आणि बकऱ्यांनी वाघ कोंडायचे, हे तंतोतंत तेच. फरक असा, की बकऱ्या एकेक करून पटावर येतात, त्यामुळे बकऱ्यांच्या खेळाडूला भिंत हळूहळू बांधावी लागते. हंसांना ती पहिल्या क्षणी बांधून मिळते आणि ती फुटू न देता खालच्या टोकापर्यंत न्यायची असते. वाघ-बकरी खेळलेल्या माणसाला मागे आधार असलेली सोंगटी नजरेनेच ओळखता येते. त्याला इथे नवं शिकायचं ते एवढंच, की कोणती चाल मुद्दाम रिकामी घालवायची आणि ती घालवण्यासाठी कोणता हंस शेवटपर्यंत मागे ठेवायचा.